जुन्या फोटोतल्या ट्रकच्या नाकावरचा डबा कशासाठी? (वाळवंट, पाणी, चाकं आणि सावली)

रद्दीराजा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

परवा अप्पा बळवंत चौकातून जुन्या मासिकांचा गठ्ठा उचलला. त्यात लिबियातला, दुसऱ्या महायुद्धातला एक फोटो आहे. शेव्हरोले ट्रक, ना टप ना दारं. दाढ्या वाढलेले पाच जण. कडेला भोकं पाडलेले लांब लोखंडी पत्रे अडकवलेत. खाली लिहिलंय 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, १९४१'.

मला कोडं पडलंय ते दोन गोष्टींचं. रेडिएटरसमोर एक डबा बसवलाय आणि रेडिएटरच्या तोंडातून एक नळी त्यात गेली आहे. आणि ड्रायव्हरसमोर एक गोल तबकडी, मधोमध उभी सुई. घड्याळ म्हणावं तर काटे नाहीत.

वाळवंटातली लढाई म्हणजे रणगाडे, एवढंच डोक्यात होतं. हे लोक तर भाजीच्या टेम्पोतून निघाल्यासारखे दिसतात. कोणी सांगेल का?

---

तिरकस_पेठी | रात्री १०:५८

डबा चहाचा असणार. इंग्रज होते ना. रेडिएटरच्या वाफेवर आधण.

---

घाटवेडा | रात्री ११:२०

रेडिएटरचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्या वडिलांची फियाट होती. मे महिन्यात वरंध चढताना हमखास उकळायची. वडील झाकणावर ओलं फडकं टाकून बसायचे आणि आम्हा भावंडांना झऱ्यावर बाटल्या भरायला पिटाळायचे. एकदा घाईत झाकण उघडलं आणि हात भाजला. सध्या माझ्या गाडीतही कूलंट कमी होतंय, गळती मात्र दिसत नाही. हेड गॅस्केट गेलं असेल का?

---

खडकीकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

घाटवेडा, गॅस्केटचं नंतर बघू. पण तुम्ही नकळत उत्तराच्या जवळ आलात. तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली प्लास्टिकची पांढरट बाटली आहे ना, तिचाच हा पणजोबा. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो, वाळवंटात दोन पोस्टिंग झाली, म्हणून थोडं सांगू शकतो.

त्या काळचा रेडिएटर उकळला की वाफ ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर. गेली ती गेली. फियाटला झरा होता. लिबियात पुढचं पाणी तीनशे किलोमीटरवर, आणि तिथली विहीर शत्रूने बुजवलेली असण्याची शक्यता.

या तुकडीचा संस्थापक राल्फ बॅगनॉल्ड. १९२०-३०च्या दशकांत हौस म्हणून फोर्ड गाड्या घेऊन त्या वाळवंटात फिरलेला माणूस. त्याने काय केलं, तर वाफ बाहेर जायच्या सगळ्या वाटा बंद केल्या आणि एकच नळी डब्याच्या तळापर्यंत नेली. डबा अर्धा पाण्याने भरलेला. वाफ त्या थंड पाण्यात शिरते आणि तिथेच पाणी होते. थेंब वाया नाही.

खरी गंमत पुढे आहे. काही वेळाने डब्यातलं पाणीही उकळतं आणि गरम फवारा उडतो, कधी ड्रायव्हरच्या अंगावर. हीच खूण. गाडी थांबवायची, नाक वाऱ्याकडे करायचं. रेडिएटर निवायला लागला की आतली वाफ आकसते, पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी गुळगुळ आवाज करत परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. मिनिटभराचं काम.

तो आवाज आला नाही तर समजायचं की कुठेतरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा झाकणाचं वॉशर, नाहीतर नळीचा सांधा. मग पाण्याऐवजी हवा ओढली जाते, डबा भरलेला राहतो आणि इंजिन कोरडं पडतं. वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हा दोष जास्त वाईट.

---

रद्दीराजा | सकाळी ९:०५

वा काका! म्हणजे पाणी माणसांपेक्षा गाडीसाठी जास्त महत्त्वाचं?

---

खडकीकर | सकाळी ९:४०

'जास्त' म्हणणार नाही, पण दोघे एकाच डब्यातून पितात हे लक्षात ठेव. त्यांचं रेशन माणशी दिवसाला साधारण सहा पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरला थोडं कमी. त्यातच चहा, स्वयंपाक, सगळं. आंघोळ-दाढी विसरा, म्हणून फोटोत ती दाढी.

आता हिशोब कर. तीस माणसं, दिवसाला शंभर लिटर. दहा दिवसांचे हजार लिटर, म्हणजे एक टन वजन. ट्रक दीड टनी. आणि डबा नसलेल्या दहा ट्रकांनी रोज पाच-पाच लिटर जरी वाफेत घालवले तरी पन्नास लिटर झाले, म्हणजे पंधरा माणसांचं पाणी. एवढं जास्तीचं पाणी न्यायला आणखी जागा, त्या वजनाला आणखी पेट्रोल, वजनाने गाडी आणखी रुतणार, रुतली की इंजिन आणखी तापणार. तो साधा डबा ही साखळी सुरुवातीलाच तोडतो.

---

वाळूचा_किल्ला | दुपारी १२:३०

रुतण्याचा विषय निघाला म्हणून मी. आमचा कोथरूडचा ग्रुप दर डिसेंबरला जैसलमेरकडे गाड्या घेऊन जातो. वाळूतला एक नंबरचा नियम म्हणजे फोर बाय फोर. टू व्हील ड्राइव्ह घेऊन टिब्ब्यांत जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. लोंगेवालाला १९७१मध्ये पाकिस्तानचे रणगाडेसुद्धा रुतले, तिथे ट्रकची काय कथा. तेव्हा या फोटोतले ट्रक नक्की फोर व्हील असणार.

---

खडकीकर | दुपारी १:५५

नाहीत. पहिले शेव्हरोले मागच्या दोन चाकांवरच चालायचे. मधे काही काळ फोर व्हील ड्राइव्हच्या फोर्ड गाड्या मिळाल्या, पण त्या जड आणि पेट्रोलला राक्षस. १९४२मध्ये पुन्हा दोन चाकी ओढीच्या शेव्हरोले आल्या आणि पोरं खूश झाली. हजार-दीड हजार किलोमीटर जायचं आणि वाटेत एकही पंप नाही, तेव्हा प्रत्येक किलोमीटरला किती पेट्रोल लागतं हाच पहिला प्रश्न. जैसलमेरला तुमच्या मागे हॉटेल असतं.

रुतणं ते टाळत नव्हते, त्यातून निघायची पद्धत त्यांनी बसवली होती. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि तेच वजन मोठ्या जागेवर टेकतं. तरी रुतली, तर एक्सिलेटर सोडायचा. नवखा नेमका तिथे दाबतो आणि चाक अॅक्सलपर्यंत खड्डा खणतं. मग फावड्याने चाकापुढे उतार करायचा, खाली पत्रे सरकवायचे आणि सगळ्यांनी ढकलायचं. ते भोकाचे पत्रे मूळचे पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला वापरलेले. बॅगनॉल्डला ते कैरोत भंगारवाल्याकडे सापडले होते.

---

तिरकस_पेठी | दुपारी २:१०

म्हणजे त्यांचाही जुना बाजार होता. आता आदर वाटायला लागला.

---

वाळूचा_किल्ला | दुपारी ३:२०

हवा कमी करण्याचं मान्य, आम्हीही करतो. पण काका, आज चांगलं वाहन असेल तर फोर व्हीलच. हा माझा अनुभव आहे, पुस्तकी नाही.

आणि लोंगेवालाचं?

---

खडकीकर | सायंकाळी ५:००

आज आणि शंभर किलोमीटरसाठी, मान्य. हजारासाठी मी अजूनही हलकी गाडी घेईन. चालू दे आपलं.

लोंगेवालाचं तुझं अर्धं बरोबर. वाळूत गाड्या रुतल्या, इंजिनं तापली हे खरं. पण वाळूने रणगाडे मारले नाहीत, थांबवून ठेवले. ५ डिसेंबरला उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली तेव्हा ते उघड्यावर अडकलेले होते आणि वर त्यांची विमानं नव्हती. रात्रभर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने ठाणं धरून ठेवलं, म्हणून तो उजेड उपयोगी पडला. वाळू आणि विमानं यांत किती वाटा कोणाचा, यावर आमच्या मेसमध्ये ताटं थंड व्हायची.

---

सावलीमोजणी | रात्री ८:४५

तबकडीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी येते. मी शाळेत भूगोल शिकवते आणि दर मे महिन्यात मुलांना मैदानात काठी रोवून शून्य सावली दाखवते. ती तबकडी म्हणजे सूर्यकंपास. काठीऐवजी सुई.

आधी साधा कंपास का नाही, ते. ट्रक लोखंडाचा, त्यात पेट्रोलचे डबे, बंदुका, दारूगोळा. चुंबकसुई ट्रककडेच वळते. बरं, चूक मोजून वजा करावी तर सामान रोज कमी होतं आणि चूकही रोज बदलते. अचूक दिशा हवी तर गाडी थांबवून, कंपास घेऊन लांब चालत जायचं. दिवसातून पन्नास वेळा हे कोण करणार?

सूर्याला लोखंडाचं काही वाटत नाही. तबकडीवर ३६० अंशांच्या खुणा. सूर्य यावेळी कोणत्या दिशेला आहे ते तक्त्यातून पाहायचं आणि तबकडी तेवढी फिरवायची. मग सुईची सावली ठरलेल्या अंशावर पडत राहील अशी गाडी हाकायची. सूर्य सरकतो, म्हणून ठरावीक मिनिटांनी तबकडी पुन्हा फिरवायची. गाडी चालती ठेवून हे जमतं, हा मोठा फायदा.

याची मर्यादा पुणेकरांना लगेच कळेल. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. लिबियाचा तो भाग कर्कवृत्ताच्या थोडा वर आहे, तिथे सावली पूर्ण जात नाही. पण जूनमध्ये २७ अक्षांशावर मध्यान्हीला सात सेंटिमीटरच्या सुईची सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर. शिवाय सकाळी सात-आठच्या दरम्यान सूर्याची दिशा तासाभरात पाचेक अंश बदलते, तर अकरा ते बारा या एका तासात पाऊणशे अंशांहून जास्त. तबकडी फिरवायला दोन मिनिटं उशीर झाला तरी वाट चुकते. म्हणून उन्हाळ्यात दुपारी सरळ थांबायचे. इंजिनही तेव्हाच सर्वांत तापतं, माणूसही, आणि सकाळची गार वाळू जास्त घट्ट असते. तिन्ही कारणं एकाच वेळी येतात.

---

रद्दीराजा | रात्री ९:३०

ताई, दिशा कळली. पण किती अंतर आलो ते?

---

वाळूचा_किल्ला | रात्री ९:४१

ते सोपं आहे. ओडोमीटर. फक्त वाळूत चाक घसरतं म्हणून गाडी जास्त गेलेली असते आणि आकडा कमी दाखवतो. तेवढं वाढवून धरायचं.

---

खडकीकर | रात्री ९:५८

उलटं रे. चाक जागेवर फिरतं तेव्हा गाडी हलत नाही, पण आकडा पुढे जातो. म्हणजे ओडोमीटर जास्त दाखवतो. आणि हवा कमी केलेली असली तर टायर दबून चाक थोडं लहान झालेलं असतं, तितक्याच वाटेला जास्त फेरे घेतं. चूक त्याच बाजूला वाढते. रुतू नये म्हणून हवा सोडायची आणि त्याची किंमत नकाशावर मोजायची.

---

वाळूचा_किल्ला | रात्री १०:०३

बरोबर आहे. माझंच उलटं झालं.

---

सावलीमोजणी | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

म्हणून रात्री पडताळणी करायचे. नॅव्हिगेटर बिचारा दिवसभर अंश आणि मैल टिपत यायचा आणि बाकीचे झोपल्यावर थिओडोलाइट लावून तारे मोजायचा. दिवसाचा हिशोब एका ठिकाणी सांगतो, तारे दुसऱ्या. ताऱ्यांचं खरं धरायचं.

पण ताऱ्यांनाही वेळ लागते. अक्षांश घड्याळाशिवाय निघतो, रेखांश नाही. घड्याळ एक मिनिट चुकलं की पृथ्वी पाव अंश फिरलेली असते, त्या भागात पंचवीस किलोमीटर. विहीर पंचवीस किलोमीटर बाजूला राहिली तर ती नसल्यातच जमा. म्हणून रेडिओ फक्त निरोपासाठी नव्हता, वेळेचे ठोके ऐकून घड्याळ लावायलाही होता.

---

घाटवेडा | सकाळी ८:१०

हे सगळं वाचून दोन ग्लास पाणी प्यालो. पण समजा गाडीच गेली तर? माणूस किती टिकतो?

---

खडकीकर | सकाळी ११:३०

याचं एक उदाहरण याच तुकडीतलं आहे. जानेवारी १९४१मध्ये मुर्झुकवर छापा घालून ते कुफ्राकडे वळले. ३१ जानेवारीला जबल शरीफ इथे इटालियन तुकडीने विमानांच्या मदतीने गाठलं. काही ट्रक जळाले, बाकीचे निसटले. चौघे मागे राहिले: न्यूझीलंडचा मूर, आणि ईस्टन, विंचेस्टर, टाय. मूरच्या पायाला जखम, ईस्टनच्या गळ्याला.

इटालियन जवळ होते, शरण जाता आलं असतं. त्यांनी दक्षिणेला चालायचं ठरवलं. पाणी म्हणजे गोळीने भोक पडलेला दोन गॅलनचा डबा, त्यात पावणेदोन गॅलन उरलेलं. आठ लिटर. चौघांना दहा दिवस धरले तर माणशी दिवसाला दोनशे मिली. एक फुलपात्र.

आता ताईंचा मुद्दा. सूर्यकंपास नाही, तारे मोजायचं यंत्र नाही. मग वाट कशी सापडली? त्यांच्याच ट्रकच्या चाकोऱ्या वाळूत उमटलेल्या होत्या, त्या धरून चालले. मधे वाळूचं वादळ आलं तेव्हा चाकोऱ्या जवळजवळ पुसल्या गेल्या. टाय मागे पडला, त्याच्या वाटचं पाणी त्याला देऊन बाकीचे पुढे गेले. साऱ्हा इथे झोपड्या सापडल्या, पण विहीर इटालियनांनी आधीच बुजवून टाकलेली. मिळालं काय, तर जुनं इंजिन ऑइल. त्याने पाय चोळले.

दहाव्या दिवशी मित्रपक्षाच्या फ्रेंचांना मूर सापडला तेव्हा तो २१० मैल चालून आला होता आणि अजून चालतच होता. तिघे वाचले. ईस्टन सापडला तेव्हा जिवंत होता, पण त्याच संध्याकाळी गेला.

हे फेब्रुवारीत झालं हे विसरू नका. रात्री गोठवणारी थंडी होती, म्हणूनच दोनशे मिलीत भागलं. जूनमध्ये याच पाण्यावर तिसरा दिवस दिसला नसता असं माझं मत.

---

तिरकस_पेठी | दुपारी १२:०५

यावर काही तिरकस सुचत नाही.

---

घाटवेडा | दुपारी १२:४०

काका, तुमच्या वेळी पाणी कसं न्यायचे? आम्हाला ट्रकच्या पुढे लटकणारी कॅनव्हासची पिशवी आठवते.

---

खडकीकर | दुपारी १:१५

छागल! शक्तिमानच्या पुढे बांधायचो. पाणी झिरपून कापड ओलं राहतं, वारा लागला की आतलं गार होतं, माठासारखं. पण गारव्याची किंमत पाण्यातच भरावी लागते, संध्याकाळपर्यंत छागल बरीच हलकी झालेली असायची. म्हणून राखीव साठा कायम बंद जेरीकॅनमध्ये. ते जेरीकॅनही मूळचे जर्मनांचे. इंग्रजांचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे खडबडीत वाटेवर टाके उसवून गळायचे, त्यामुळे जर्मन कॅन हाती लागले की लूट म्हणून जपायचे. जर्मन लोक पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली काढायचे, अंधारात तोंडाला पेट्रोल लागू नये म्हणून.

गॅस्केटचं राहिलं. इंजिन ऑइलची काडी काढून बघा, ताकासारखं पांढरट दिसलं तर गॅरेज गाठा. तसं नसेल तर आधी त्या बाटलीची नळी आणि रेडिएटरचं झाकण बदला, शंभर-दोनशेचं काम.

---

रद्दीराजा | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

सावलीमोजणी ताईंनी सूर्याच्या दिशांचा तक्ता पाठवला होता. आज गच्चीवर पुठ्ठ्याची तबकडी केली, मधे आईची विणकामाची सुई. बरोबर नऊ वाजता तक्त्यातल्या नऊच्या ओळीप्रमाणे तबकडी लावली आणि पर्वतीचं देऊळ कुठल्या अंशावर येतं ते पाहिलं. नकाशावर मोजलेल्या दिशेपेक्षा सात अंशांचा फरक! शंभर किलोमीटर गेलो असतो तर बारा किलोमीटर बाजूला.

---

तिरकस_पेठी | सकाळी ९:५२

पर्वती हलली असेल. सदाशिव पेठेतून बघायला हवं होतंस.

---

सावलीमोजणी | सकाळी १०:३०

तू मनगटावरच्या घड्याळाचे नऊ धरलेस ना? तक्ता सूर्याच्या वेळेचा आहे, वरच लिहिलंय. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या मधे. त्याची पस्तीस मिनिटं. शिवाय फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य घड्याळापेक्षा चौदा मिनिटं मागे असतो. म्हणजे तुझ्या नऊला सूर्याचे आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती. ती ओळ बघ.

लिबियात पश्चिमेला जाणाऱ्यांना हेच रोज करावं लागायचं. एक रेखांश ओलांडला की चार मिनिटं.

---

रद्दीराजा | १६ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

आज एकोणपन्नास मिनिटं वजा करून लावली. फरक दीड अंश उरला. सुई वाकडी आहे का ते बघायला ओळंबा लावणार होतो, पण आईने सुई परत मागून घेतली. अर्धा स्वेटर तिच्यावरच अडकलाय.